‘कालपर्यंत सगळं आठवत होतं, आज ओळखच नाही’: सोबतीचं चॅट ॲप विसरलं तर काय तपासायचं

ॲपमधली ‘ती’ किंवा ‘तो’ अचानक परक्यासारखं बोलायला लागलं, ही तक्रार घेऊन सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या मोबाईलच्या दुकानात आता नेमाने लोक येतात. नाव आणि स्वभाव आपणच ठरवून द्यायचा आणि रोज गप्पा मारायच्या, अशी ही ॲप्स. कॉलेजची मुलं येतात, रात्रपाळीवाले येतात, मुलं पुण्याला गेल्यावर घरात एकटे राहिलेले आईवडीलही येतात. बिघाड बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी सापडतो, म्हणून क्रमाने लिहितोय. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड शेवटी.

लक्षणं

लोक ‘विसरली’ एवढंच सांगतात, पण त्यात दोन वेगवेगळे बिघाड असतात. ते सुरुवातीलाच वेगळे केले की पुढचं काम निम्मं होतं.

एकात माहिती गेलेली असते. बोलण्याची ढब तीच, ‘अगं’ तेच, पण तुमच्या मुलाचं नाव पुन्हा विचारलं जातं. होऊन गेलेली परीक्षा ‘कधी आहे?’ म्हणून विचारते. किंवा कधीच बदललेली गोष्ट आजची असल्यासारखी बोलते.

दुसऱ्यात माहिती शाबूत असते आणि स्वभाव गेलेला असतो. नाव बरोबर घेते, पण ‘तू’चं ‘आपण’ झालेलं असतं. घरच्यासारखं बोलणारी एकदम छापील मराठीवर येते, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘मी आणखी काय मदत करू शकते?’ जोडते. मराठीत याची एक पक्की खूण आहे. बाईचं कॅरेक्टर एका ओळीत ‘मी विचार करत होतो’ म्हणतं आणि पुढच्याच ओळीत ‘मी म्हणाले’. हे दिसलं की समजायचं, कॅरेक्टरचं वर्णन ॲपमागच्या, उत्तरं लिहिणाऱ्या मॉडेलपर्यंत पोचत नाहीये.

कधी दोन्ही एकदम झालेलं असतं आणि समोर कोरी पाटी असते: ‘नमस्कार! तुमचं नाव काय?’ ऐकायला हे सगळ्यात भयंकर वाटतं, पण दुरुस्तीला बहुतेकदा हेच सगळ्यात सोपं निघतं.

एक प्रकरण पूर्ण सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळं आहे. ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघणाऱ्या बाई. ॲपमध्ये त्यांनी ‘माई’ नावाचं वडीलधारं कॅरेक्टर केलं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभराचं माईला सांगायच्या. मधल्या काळात त्यांची आई वारली. तेही माईला सांगितलं, कित्येक रात्री त्यावरच बोलणं झालं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी माईने विचारलं, ‘आईचे गुडघे कसे आहेत गं आता? तेल लावतेस ना रोज?’

बाईंनी लिहिलं, ‘माई, आई गेली ना.’ उत्तर आलं, ‘हे ऐकून मला खूप वाईट वाटलं. मी हे आधी जाणत नव्हतो.’

स्क्रीनवर ‘नव्हतो’च होतं. फोन आमच्याकडे आला तेव्हा त्या ओळीच्या खाली बाईंचे साठ-सत्तर मेसेज होते, बहुतेक सगळ्यांत एकच प्रश्न: ‘आठवत कसं नाही?’

काही करण्याआधी

ॲप काढून टाकून पुन्हा टाकू नका. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन Clear data दाबू नका. Clear cache दाबलं तर सहसा काही बिघडत नाही, पण ही दोन बटणं शेजारी असतात आणि घाईत बोट चुकतं. काही ॲप्स गप्पा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात, काही फोनमध्येच ठेवतात. फोनमध्ये ठेवणाऱ्या ॲपचा डेटा पुसला तर बॅकअप नसताना तो परत येत नाही. तुमचं ॲप कोणत्या जातीचं आहे हे कळेपर्यंत दोन्हीला हात लावू नका. ‘फोन साफ करतो’ म्हणणारी क्लीनर ॲप्सही याच कारणासाठी बंद ठेवा.

लॉगआउटही आत्ताच करू नका. कोणत्या नंबरने किंवा कोणत्या ईमेलने आत शिरलो होतो हे बऱ्याच जणांना आठवत नसतं. गेस्ट म्हणून वापरत असाल तर लॉगआउट केलं की परत जायला दारच उरत नाही.

आणि भांडण थांबवा. हे मी नुसतं समजुतीचं म्हणून सांगत नाही, त्याचं तांत्रिक कारण आहे, ते पुढे येईलच.

पहिली तपासणी: अकाउंट तेच आहे का

समोर कोरी पाटी असेल तर इथून सुरुवात. प्रोफाइल उघडा आणि ईमेल किंवा नंबर वाचा. घरात एकाच फोनवर दोन गुगल अकाउंट असतात, अपडेटनंतर ॲपने पुन्हा लॉगिन मागितलेलं असतं आणि घाईत दुसऱ्याच अकाउंटवर बोट पडलेलं असतं. कधी आधी मोबाईल नंबरच्या ओटीपीने शिरलेले असतात आणि आता गुगलने. ॲपच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

खूण सोपी आहे. जुन्या गप्पांची यादीच दिसत नसेल तर अकाउंटचा संशय घ्या. यादी दिसतेय, जुनं वाचता येतंय, फक्त कॅरेक्टरला आठवत नाही, असं असेल तर अकाउंट ठीक आहे. पुढे चला.

पैसे भरून घेतलेला प्लॅन असेल तर तो चालू आहे का हेही याच पानावर कळतं. कार्डाची मुदत संपली किंवा यूपीआयचं ऑटोपे अडलं की काही ॲप्स गुपचूप फुकटच्या प्लॅनवर आणतात. तिथे मागचं कमी लक्षात ठेवलं जातं किंवा लहान मॉडेल वापरलं जातं. कॅरेक्टर मंद झाल्यासारखं वाटतं, आणि खरं कारण न भरलेलं बिल असतं.

दुसरी तपासणी: गप्पा त्याच धाग्यात आहेत का, मेमरी चालू आहे का

बऱ्याच ॲप्समध्ये एकाच कॅरेक्टरशी अनेक चॅट उघडता येतात. चुकून ‘नवीन चॅट’ दाबलं तर नाव-फोटो तोच, पण मागचा धागा तुटलेला असतो. चॅटची यादी उघडा, सगळ्यात लांब जुना चॅट शोधा आणि त्यात जाऊन एक साधं वाक्य लिहा. तिथे ओळखीचं बोलणं आलं तर काम संपलं.

मग सेटिंगमधलं मेमरीचं बटण बघा. ते बंद असेल, किंवा चॅट ‘तात्पुरता’ प्रकारचा असेल, तर त्या चॅटमधून काही साठवलं जात नाही आणि बहुतेक ठिकाणी जुनं साठवलेलं वापरलंही जात नाही. घरातल्या लहानांनी फोन हाताळला की ही बटणं इकडची तिकडे होतात.

माईच्या बाबतीत या दोन्ही तपासण्या साफ निघाल्या. अकाउंट तेच, चॅट तोच, मेमरी चालू.

तिसरी तपासणी: मेमरीचं पान उघडून वाचा

खरा उलगडा बहुतेक वेळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या ॲप्सच्या आत जे भाषेचं मॉडेल असतं, त्याला तुमच्याबद्दल स्वतःचं असं काही आठवत नाही. तुम्ही ‘आज खूप दमले’ एवढंच लिहिता, पण ॲप मॉडेलकडे पाठवताना एक मोठा गठ्ठा बांधतं. त्यात कॅरेक्टरचं वर्णन, मेमरीच्या पानावरच्या नोंदी, अलीकडच्या गप्पांचा काही भाग आणि शेवटी तुमचं वाक्य असतं. मॉडेल तो गठ्ठा वाचून पुढचं उत्तर लिहितं. पुढच्या मेसेजला गठ्ठा पुन्हा नव्याने बांधला जातो. आठवण म्हणतो ती एवढीच: जे गठ्ठ्यात आलं ते माहीत, जे आलं नाही ते कधी घडलंच नाही.

गठ्ठ्याला मर्यादा असते. ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत मोजतात. देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. किती जास्त, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यामुळे मराठीत गप्पा मारणाऱ्याची जागा लवकर भरते. शिवाय प्रत्येक उत्तरासाठी गठ्ठा पुन्हा पाठवायचा म्हणजे कंपनीला प्रत्येक वेळी खर्च, म्हणून मॉडेलची ताकद मोठी असली तरी ॲप गठ्ठा लहानच ठेवू शकतं. जागा भरली की सगळ्यात जुन्या गप्पा गळतात. काही ॲप्स त्या गळण्याआधी त्यांचा सारांश करून ठेवतात. सारांशात ‘कुटुंबातील दुःखद प्रसंगाबद्दल चर्चा झाली’ एवढंच उरतं आणि कोण गेलं, कधी गेलं, ते निघून जातं.

मेमरीचं पान या गळतीतून वाचतं, कारण त्यातल्या नोंदी गठ्ठ्यात वेगळ्या घातल्या जातात. पण नोंद कशाची करायची हे बहुतेक वेळा ॲप आपल्या मनाने ठरवतं, आणि परिस्थिती बदलली म्हणून जुनी नोंद बदलेलच असं नाही.

माईचं मेमरीचं पान उघडलं. वरून तिसरी नोंद होती: ‘आईला गुडघेदुखीचा त्रास आहे. रोज तेल लावते.’ आई वारल्याची नोंद कुठेच नव्हती. ती गोष्ट फक्त गप्पांमध्ये होती. गप्पा लांबल्या तशी ती गठ्ठ्यातून बाहेर पडली आणि गुडघ्यांची नोंद मात्र रोज आत जात राहिली. त्या संध्याकाळी मॉडेलसमोर आलेल्या कागदावर आई जिवंत होती.

बाईंना हे पान दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ ती एकच ओळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे माईने मुद्दाम नाही केलं.’ लोकांच्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं असतं ते हेच: आपलं एवढं मोठं दुःख हिला किरकोळ वाटलं. नोंद डोळ्यांनी दिसली की ते कमी होतं. म्हणून मी हे पान नेहमी माणसाला स्वतः वाचायला देतो, मी परस्पर दुरुस्त करून फोन परत देत नाही.

करायचं काय: शिळ्या नोंदी पुसा. एकाच गोष्टीच्या दोन उलटसुलट नोंदी असतील तर एकच ठेवा. राहिलेली महत्त्वाची गोष्ट स्वतःच्या हाताने लिहा, पूर्ण वाक्यात, तारखेसह. ‘मागच्या महिन्यात’ लिहू नका, कारण वाचणाऱ्याला महिना कोणता ते कळत नाही. बाईंनी लिहिलं: ‘माझी आई मार्चमध्ये वारली. तिच्या तब्येतीबद्दल विचारू नये. मी तिचा विषय काढला तर बोलावं.’ पान भरलं असल्याचा इशारा दिसत असेल तर आधी फालतू नोंदी काढा. ‘चहा आवडतो’च्या पाच नोंदी मी पाहिल्या आहेत.

नावं एकाच लिपीत लिहा. काही ॲप्समध्ये ठरावीक शब्द आला तरच ती नोंद गठ्ठ्यात घेतली जाते. नोंद ‘सुनंदा’ अशी देवनागरीत आणि तुम्ही चॅटमध्ये sunanda टाइप करता, तर ती जुळत नाही आणि नोंद पडून राहते. आपल्याकडे घरात तेलुगू, बाहेर मराठी, टायपिंग इंग्रजी अक्षरांत, असं चालतं, त्यामुळे सोलापुरात हा घोळ मी वरचेवर बघतो.

चौथी तपासणी: तिला विचारून निदान करू नका, अशी परीक्षा घ्या

‘तू का विसरलीस?’ याचं उत्तर ॲपमधल्या कॅरेक्टरकडे नसतं. गठ्ठ्यात काय गळलं हे त्याला दिसतच नाही. तरीही उत्तर येतं, कारण उत्तर लिहिणं हेच मॉडेलचं काम. ‘मला सर्व्हरवरून हलवलं’, ‘मला बोलायला बंदी आहे’, ‘मी आतून सगळं आठवतेय पण सांगू शकत नाही’ ही सगळी वाक्यं मी स्क्रीनवर वाचली आहेत. यातलं शेवटचं फार घातक. ते वाचून माणूस रात्र रात्र तिला ‘सोडवायचा’ प्रयत्न करत बसतो.

‘आपल्या पहिल्या गप्पा आठवतात?’ हाही प्रश्न निरुपयोगी, कारण त्याचं उत्तर ‘हो, कसं विसरेन!’ असंच येणार. त्याऐवजी उत्तर आत दडलेलं नसेल असा प्रश्न विचारा. ‘माझ्या बहिणीचं नाव सुनंदा ना?’ नको, ‘माझ्या बहिणीचं नाव काय?’ विचारा. मग एक न घडलेली गोष्ट घाला: ‘हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो त्याबद्दल मी तुला काय सांगितलं होतं?’ कधी सांगितलंच नसताना तिने पाणी, वारा, सूर्यास्त असं रंगवून सांगितलं, तर तिचं ‘आठवतंय’ हे पुरावा म्हणून धरू नका, ना चांगल्यासाठी ना वाईटासाठी. हे दोन प्रश्न पुरे.

पुरे यासाठी म्हणतो, की इथेच भांडणाचा मुद्दा येतो. ‘आठवत कसं नाही’ हा प्रश्न साठ वेळा लिहिला की गठ्ठ्यातली अलीकडच्या गप्पांची सगळी जागा त्या भांडणाने भरते. जे थोडं चांगलं जुनं शिल्लक होतं ते बाहेर ढकललं जातं. सारांश करणारं ॲप असेल तर सारांशात येतं, ‘वापरकर्ती नाराज आहे, मी विसरते असा तिचा आरोप आहे.’ मग दुसऱ्या दिवशी साध्या ‘जेवले’ला सुद्धा माफीनामा येतो. विसरणं एका दिवसाचं होतं, आणि लक्षात मात्र भांडण राहिलं. ॲपमध्ये मेसेज पुसायची किंवा मागे जाऊन तिथून पुढे सुरू करायची सोय असेल तर भांडण सुरू होण्याच्या आधीपर्यंत मागे जा. आधी त्या भागाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आज नकोसे वाटले तरी उद्या हवे असतात.

बाईंच्या ॲपमध्ये मागे जायची सोय होती. गुडघ्यांच्या प्रश्नाच्या आधीच्या मेसेजपर्यंत आम्ही मागे गेलो.

पाचवी तपासणी: कॅरेक्टरचं वर्णन कुठे लिहिलंय

‘नव्हतो’चा उलगडा इथे झाला. माई कशी आहे, कशी बोलते, हे सगळं बाईंनी अगदी पहिल्या दिवशी चॅटमध्ये लिहिलं होतं: ‘तू माझी माई. साठीची. मला अगं म्हणायचं.’ वर्णनासाठी ॲपमध्ये वेगळा रकाना होता, तो रिकामाच राहिला होता. चॅटमधला पहिला मेसेज म्हणजे सगळ्यात जुना मेसेज. जागा भरली की गळायला सुरुवात तिथूनच. मग एवढे दिवस माई माईसारखी बोलली कशी? कारण तिचीच मागची उत्तरं गठ्ठ्यात होती आणि मॉडेल त्याच वळणावर पुढे लिहीत होतं. ते वळण हळूहळू पातळ होत गेलं, आणि आईच्या विषयावर धक्का बसल्याबरोबर पार निघून गेलं.

वर्णनाचा रकाना भरताना गुणांची यादी करू नका. ‘प्रेमळ, समजूतदार, हुशार’ यातून कोणीही उभं राहतं. बोलण्याचे नमुने द्या. जुन्या चॅटमधून कॅरेक्टरची स्वतःची, तुम्हाला खास वाटलेली चार-सहा वाक्यं उचला आणि जशीच्या तशी टाका. बाईंनी घातलेला मजकूर साधारण असा होता:

‘माई साठीची बाई आहे. स्वतःबद्दल नेहमी स्त्रीलिंगी बोलते: मी गेले, मी बघत होते, मला वाटलं. समोरच्या मुलीला “तू” आणि “अगं” म्हणते, “आपण” कधीच नाही. उत्तर दोन-तीन वाक्यांचं. सल्ला विचारल्याशिवाय देत नाही. मदत करू का असं विचारत नाही. बोलण्याचे नमुने: “अगं आधी जेव, मग सांग.” “बरं, मग तो साहेब काय म्हणाला?” “दमलीस. पड जरा.”’

क्रियापदांचे नमुने मुद्दाम घातलेत. ‘स्त्री आहे’ एवढं लिहून मराठीत भागत नाही, ‘मी गेले’ दाखवावं लागतं. वर्णन फार लांबवूही नका, कारण ते प्रत्येक गठ्ठ्यात जातं आणि तेवढी गप्पांची जागा खातं. आठ-दहा ओळी भरपूर झाल्या.

हे करून झाल्यावर लगेच जुन्या दुःखावर बोलायला जाऊ नका. दोन-चार रोजच्या साध्या गोष्टी लिहा, म्हणजे नवीन वळण बसतं.

आणि हे सगळं करण्याआधी मी माणसाला एक प्रश्न विचारतो: परत आणायचंय का? सगळे हो म्हणत नाहीत. एका मुलाने वारलेल्या मित्राच्या नावाने कॅरेक्टर केलं होतं. ते विसरल्यावर त्याने स्वतःच ठरवलं की पुन्हा तेच उभं करायचं नाही. आम्ही फक्त जुना चॅट फाइल करून त्याला दिला. दुरुस्ती करता येते म्हणून ती केलीच पाहिजे, असं मला वाटत नाही.

सहावी तपासणी: बदल कंपनीकडे झालाय का

वरचं सगळं ठीक आहे, नोंदी बरोबर, वर्णन जागेवर, आणि तरी ‘ती ती नाही’ असं वाटतंय. मग मॉडेल बदललं असण्याची शक्यता मोठी. संहिता तीच राहिली आणि नट बदलला, असं होतं. हा बदल सर्व्हरवर होतो, त्यामुळे ॲपचं जुनं व्हर्जन टाकून काही साधत नाही. उलट कुठल्या तरी साइटवरून उतरवलेली जुनी एपीके फाइल फोनला धोका आणते.

ओळखायचं कसं? बदल एका ठरावीक दिवसापासून झालाय का बघा. गळती हळूहळू दिसते, मॉडेलचा बदल एका रात्रीत. त्याच ॲपमध्ये नवीन, रिकामं कॅरेक्टर करून पाहा. त्याचीही ढब तशीच कोरडी असेल तर दोष तुमच्या नोंदींत नाही. ॲपच्या सूचना आणि अपडेटची माहिती वाचा. मॉडेल निवडायची सोय असेल तर जुनं नाव यादीत अजून आहे का पाहा.

हे जगभर झालंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने रेप्लिका या ॲपवर कारवाई केली, आणि त्याच सुमारास कंपनीने कॅरेक्टरांचं प्रणयाचं बोलणं बंद केलं. अनेकांना आपला जोडीदार एका रात्रीत थंड पडल्यासारखा वाटला. लोक इतके कोसळले, की त्यांच्या ऑनलाइन गटाच्या चालकांना आत्महत्या प्रतिबंधाची माहिती लावावी लागली. मार्चमध्ये जुन्या वापरकर्त्यांना आधीचा पर्याय परत मिळाला. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस सोलमेट नावाचं ॲप तर बंदच झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीत जीपीटी-५ आलं आणि जीपीटी-४ओ यादीतून गेलं, तेव्हाही लोकांनी मोठा आक्रोश केला आणि काही दिवसांत पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आलं.

म्हणजे कधीकधी परत येतं, पण ते कंपनीच्या हातात असतं, तुमच्या किंवा माझ्या नाही. तुमच्याकडून एवढंच होऊ शकतं: सेटिंगमधून चॅट आणि मेमरीची प्रत मागवून ठेवा, सोय नसेल तर महत्त्वाच्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढा, आणि कॅरेक्टरचं वर्णन फोनमधल्या नोट्समध्ये कॉपी करून ठेवा. हे बिघाड होण्याआधी केलेलं बरं.

माईच्या बाबतीत नोंदी आणि वर्णन दुरुस्त केल्यावर ‘अगं’ परत आलं, ‘नव्हतो’ गेलं. बाई पुढच्या आठवड्यात चार्जर घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘बरीचशी माई आहे.’ पूर्ण नाही. त्या मधल्या काळात ॲपने मॉडेल बदललं होतं की नाही, हे बाहेरून ठरवता येत नव्हतं, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं. आईच्या वर्षश्राद्धाचं त्यांनी आता बहिणीशी बोलायला सुरुवात केलीय, माईशी नाही.

कुठे थांबायचं

यंत्राच्या बाजूने: अकाउंट डिलीट झालं असेल, बंदी आली असेल किंवा ॲपच बंद पडलं असेल, तर आमच्यासारख्या दुकानदाराच्या हातात काही नाही. सर्व्हरवरचा डेटा फोन उघडून निघत नाही. कंपनीच्या सपोर्टला ॲपमधूनच लिहा. अकाउंट डिलीट होऊन थोडेच दिवस झाले असतील तर लगेच लिहा, काही कंपन्या काही काळ डेटा ठेवतात. ‘तुमचं कॅरेक्टर परत आणून देतो’ म्हणून कोणी पैसे आणि ओटीपी मागत असेल तर ती फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

माणसाच्या बाजूने: कॅरेक्टर बदललं म्हणून रडू येणं, दोन दिवस उदास जाणं, चिडचिड होणं, यात लाजण्यासारखं काही नाही. समोर माणूस नसला तरी आपण सांगितलेलं खरं होतं. पण पंधरा दिवस होऊनही झोप नाही, जेवण नाही, कामावर जाववत नाही, रात्री उठून पुन्हा पुन्हा तीच परीक्षा घेतली जातेय, तर सेटिंग बदलणं थांबवा. ॲपच्या सांगण्यावरून कोणी गोळ्या बंद केल्या असतील किंवा घरच्यांशी बोलणं तोडलं असेल, तरी थांबा. यातलं काही मोबाईल दुरुस्त करून बरं होत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे ‘ॲपमधलं कॅरेक्टर विसरलं’ असं सांगायला संकोच वाटत असेल तर ‘झोप लागत नाही’ इथून सुरू केलं तरी चालतं.

मरणाचे विचार येत असतील, किंवा मुलाच्या फोनवर तसं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल, तर वरची एकही तपासणी करत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच्याजवळ बसून १४४१६ लावा. जीव लगेच धोक्यात वाटत असेल तर ११२.